मशीन अर्ध्यावर थांबून कोड दाखवते तेव्हा: दाराचे लॉक, पाण्याची पातळी आणि ड्रेन पंप कसे तपासावेत

फ्रंट लोड वॉशिंग मशीन खंगाळता खंगाळता थांबते, पडद्यावर दोन अक्षरे लुकलुकत राहतात, आतले कपडे ओलेच असतात आणि दार उघडत नाही. कोकणात ही अडचण पावसाळ्यात अधिक जाणवते, कारण तेव्हा कपडे बाहेर वाळत नाहीत आणि मशीनवरच सारी भिस्त असते. मेकॅनिक तालुक्याच्या गावाहून यायचा, सुटा भाग कोल्हापूरहून किंवा मुंबईहून मागवायचा, आणि तोवर फोनवर "पंप गेला असणार" किंवा "बोर्ड बदलावा लागेल" एवढेच उत्तर मिळते. त्या उत्तरावर पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी बरेच काही तपासता येते. त्यासाठी विजेचे शिक्षण लागत नाही, क्रम मात्र पाळावा लागतो.

सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यावी. पडद्यावरचा कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचे नाव नव्हे. मशीनचा बोर्ड एखाद्या भागाला आदेश देतो आणि ते काम झाल्याची खूण ठरावीक वेळात मिळते का, याची वाट पाहतो. खूण मिळाली नाही की तो कोड दाखवून थांबतो. पाणी उपसण्याचा आदेश दिल्यावर बोर्ड पंपाकडे बघत नाही, तो पातळीच्या सेन्सरला विचारतो. त्यामुळे पंप ठणठणीत असतानाही सेन्सर चुकीचे सांगत असेल, तर पडद्यावर निचऱ्याचाच कोड येतो. दाराचेही तसेच आहे. ड्रममध्ये पाणी आहे असे सेन्सर सांगत असेपर्यंत बोर्ड दार सोडत नाही, मग लॉक कितीही चांगले असो. दार, पातळी आणि निचरा ही तीन अंगे अशी एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती सुटी सुटी तपासून भागत नाही.

हा लेख फक्त फ्रंट लोड मशीनसाठी आहे. वरून उघडणाऱ्या मशीनची रचना वेगळी असते.

१. सुरुवातीची तयारी

जवळ ठेवायच्या वस्तू: साधा डिजिटल मल्टीमीटर, फुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, काही मशीनच्या दाराच्या लॉकसाठी लागणारा चांदणीच्या टोकाचा टी-२० ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, पसरट परात किंवा ट्रे, मोजमापाचा मग, जुने टॉवेल, रबरी हातमोजे आणि फोटो काढण्यासाठी मोबाइल.

कागदपत्रांत खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड आणि मशीनबरोबर आलेली पुस्तिका काढून ठेवावी. मॉडेल क्रमांकाचे लेबल बहुधा दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला किंवा मशीनच्या मागे असते. त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण सुटा भाग मागवताना कंपनीचे नाव पुरत नाही, मॉडेलचा पूर्ण क्रमांक लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मशीनचे वरचे झाकण उघडू नये. फिल्टर आणि पाइप साफ करणे हे मात्र वापरणाऱ्याचेच काम असल्याने ते वॉरंटीतही करता येते.

सुरक्षेबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. फक्त मशीनचे बटण बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. इन्व्हर्टर मोटरच्या मशीनमध्ये बोर्डावर काही काळ विजेचा भार राहतो, म्हणून प्लग काढल्यावर दहा मिनिटे थांबावे आणि त्यानंतरही बोर्डाला हात लावू नये. गरम पाण्याची धुलाई चालू असेल तर पाणी निवेपर्यंत फिल्टर उघडू नये. मशीनच्या धातूच्या भागाला हात लागताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर पुढचे काहीही न करता आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होते, हे आपल्याकडे वरचेवर घडते.

२. कोड उतरवून घ्या आणि मशीन नेमके कुठे थांबले ते पाहा

घाईने बटण बंद-चालू केले की कोड पुसला जातो. आधी पडद्याचा फोटो घ्यावा आणि तेव्हा मशीन पाणी भरत होते, धूत होते, पाणी उपसत होते की कपडे पिळत होते, हे लिहून ठेवावे. निदानाचा अर्धा भाग या नोंदीतच असतो.

कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एलजीच्या मशीनवर दारासाठी `dE`, निचऱ्यासाठी `OE`, पातळीच्या सेन्सरसाठी `PE` आणि पाणी न भरल्यास `IE` येतो. सॅमसंगमध्ये दारासाठी `dE` किंवा `dC`, निचऱ्यासाठी `5E` किंवा `5C`, पातळीच्या सेन्सरसाठी `1E` किंवा `1C` आणि पाणी न भरल्यास `4E` किंवा `4C` येतो. बॉशच्या बऱ्याच मशीनमध्ये निचऱ्याचा कोड `E18` असतो. इथे एक सापळा आहे. एलजीमध्ये `OE` म्हणजे पाणी निघत नाही, तर सॅमसंगमध्ये तोच `OE` म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर भरले. शेजाऱ्याच्या मशीनवर लागू पडलेला उपाय आपल्या मशीनवर उलटा ठरू शकतो, म्हणून अर्थ आपल्याच पुस्तिकेत पाहावा.

फोटो घेऊन झाल्यावर प्लग दहा मिनिटे काढून ठेवावा आणि पुन्हा लावून फक्त पाणी उपसून पिळण्याचा कार्यक्रम चालवावा. वीज खालीवर झाल्यामुळे आलेला कोड असेल तर तो परत येत नाही. तोच कोड परत आला, तर पुढच्या पायरीकडे वळावे.

३. खरा प्रश्न: आत पाणी आहे का?

माझ्या मते सर्वांत उपयोगी तपासणी हीच आहे आणि नेमकी हीच सहसा वगळली जाते. काचेतून पाणी दिसत नाही म्हणजे मशीन रिकामे आहे असे मानू नये. ड्रमच्या बाहेर मोठी टाकी असते, तिच्या तळाशी कित्येक लिटर पाणी असूनही ते काचेच्या पातळीपर्यंत येत नाही.

मशीनच्या पुढच्या बाजूला खाली एक लहान झडप असते. ती उघडल्यावर फिल्टरचे गोल झाकण दिसते आणि बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या शेजारी बूच लावलेली बारीक रबरी नळी असते. परात खाली सरकवून नळीचे बूच काढावे आणि निघणारे पाणी मगाने मोजावे. पंपाच्या घरात नेहमीच अर्धा ते एक लिटर पाणी उरते, तेवढे निघाले तर मशीन रिकामे होते असे समजावे. बादली भरू लागली, तर पाणी खरोखर उपसले गेलेले नाही. नळी नसेल तर फिल्टरचे झाकण पाव-पाव आट्याने सैल करून पाणी थोडे थोडे सोडावे. झाकण एकदम काढले तर वीस लिटर पाणी पडवीभर होते.

आता ही नोंद आणि पंपाचा आवाज एकत्र वाचावा. पाणी आहे आणि उपसण्याच्या वेळी पंप गुणगुणत होता, तर वाट कुठेतरी अडली आहे किंवा पंपाचा पंखा अडकला आहे. पाणी आहे आणि आवाजच नव्हता, तर पंपाची गुंडाळी, त्याची वायर किंवा वीज यांत दोष आहे. पाणी नाही, पंप मात्र कोरडा घरघरत राहिला आणि मग निचऱ्याचा कोड आला, तर संशय पातळीच्या सेन्सरवर जातो. पाणी नाही, आणि मशीन पिळण्याचा वेग घेताना दाराचा कोड देऊन थांबले, तर लॉककडे पाहावे.

४. पाणी आहे: फिल्टर, पंख्याची जागा आणि बाहेरचा पाइप

पाणी काढून झाल्यावर फिल्टर पूर्ण बाहेर काढावा. नाणी, पिना, मोज्यांचे धागे तर निघतातच, पण किनाऱ्याजवळच्या घरांत कपड्यांबरोबर आलेली वाळू तळाशी बसलेली असते. ती बोटाने आणि ओल्या फडक्याने पुसून काढावी. मग टॉर्च लावून फिल्टरच्या पोकळीत आत पाहावे, तिथे पंपाचा छोटा पंखा दिसतो. प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून तो लाकडी काडीने फिरवावा. पंखा अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. नवख्या माणसाला हा दोष वाटतो, परंतु आत कायमचे चुंबक असल्यामुळे तसे फिरणे योग्यच आहे. उलट पंखा कुठेही न अडखळता मोकाट गरगर फिरत असेल, तर तो चुंबकाच्या दांड्यावरून सुटलेला आहे. मुळीच हलत नसेल, तर भोवती केस-धागे गुंडाळलेले असतात किंवा वाळूने दांडा धरलेला असतो.

फिल्टर परत बसवताना त्याची रबरी कडी पुसून, आटे सरळ धरून घट्ट करावा. वाळूचा एक कण कडीखाली राहिला तरी पाणी झिरपते.

यानंतर बाहेरचा ड्रेन पाइप. आपल्याकडे मशीन मागच्या पडवीत असते आणि धुण्याचे पाणी वाया जाऊ नये म्हणून पाइप लांबवून माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेला असतो. पाणी झाडाला देण्याची ही रीत चांगली आहे, पण त्यात दोन चुका होतात. पाइपाचे टोक जमिनीवर पडलेले असेल, तर पाणी भरता भरता आपोआप बाहेर ओढले जाते. मशीन भरतच राहते, पातळी गाठली जात नाही आणि पाणी न भरल्याचा कोड येतो. पाइप मशीनच्या मागे साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवून मगच खाली उतरवला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे जोड देऊन पाइप फार लांब नेणे. पंप जेमतेम ३० वॅटचा असतो, लांबच लांब पाइपातून पाणी ढकलणे त्याच्या आवाक्यात नसते. यावर सोपा मार्ग असा, की मशीनचा पाइप योग्य उंचीवर एका उभ्या रुंद पीव्हीसी पाइपात सैल सोडावा आणि पुढे पाणी उताराने झाडापर्यंत न्यावे. टोक त्या पीव्हीसी पाइपात घट्ट बसवू नये, हवेला जागा राहिली पाहिजे.

पाइप काढून त्यात नळाचे पाणी सोडून पाहावे. बारीक धार येत असेल तर आत साबणाचा थर किंवा शेवाळ आहे. पडवीतल्या उघड्या टोकातून पाली आणि गोगलगायी आत शिरतात, म्हणून टोकावर मोठ्या भोकांची जाळी लावावी. बारीक जाळी लावली तर धाग्यांनी तीच तुंबते.

५. पाणी आहे आणि पंप गप्प आहे

आधी विजेचा दाब पाहावा. घरात स्टॅबिलायझर असेल तर त्याच्यावरचा आकडा पुरतो. पुरवठा २३० व्होल्टचा अपेक्षित असतो. संध्याकाळी तो १७०-१८० पर्यंत उतरत असेल, तर हा पंप नुसता गुणगुणतो आणि फिरायला सुरुवात करत नाही. अशा वेळी पंप बदलून काहीही साधत नाही. सकाळी दाब नीट असताना तोच कार्यक्रम चालवून पाहावा.

दाब नीट असेल तर प्लग काढून, मशीन मागे किंचित कलते करून अथवा पुढची खालची पट्टी काढून पंपाच्या दोन टर्मिनलपर्यंत पोहोचावे. मशीन जड असते, हे काम दोघांनी करावे. वायरचा फोटो घेऊन सॉकेट ओढून काढावे आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन टर्मिनलमध्ये मोजावे. सर्वसाधारण २३० व्होल्टच्या पंपाची गुंडाळी १३० ते २५० ओहमच्या दरम्यान दाखवते. आकडाच उमटला नाही तर गुंडाळी तुटलेली आहे आणि पंप बदलावाच लागेल. आकडा योग्य असेल तर टर्मिनलकडे बारकाईने पाहावे. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट किंवा पांढरा थर चढतो आणि वीज पोहोचत नाही. बारीक पॉलिश पेपरने टर्मिनल घासून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, पूर्ण वाळू देऊन सॉकेट परत घट्ट बसवावे. वायर उंदरांनी कुरतडली आहे का, हेही याच वेळी पाहावे. मशीनला तळ उघडा असेल तर उंदरांना आत जायला तीच वाट असते.

६. पाणी नाही, तरी निचऱ्याचा किंवा पातळीचा कोड येतो

पातळीचा सेन्सर पाण्याला प्रत्यक्ष शिवत नाही. टाकीच्या तळाशी हवेची एक लहान कुपी असते. तिथून बोटापेक्षा बारीक रबरी नळी वर जाऊन सेन्सरला जोडलेली असते. टाकीत पाणी चढले की कुपीतली हवा दाबली जाते आणि तो दाब नळीतून सेन्सरच्या पडद्यावर पोहोचतो. १० सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब सुमारे १ किलोपास्कल होतो. इतक्या हलक्या दाबावर ही सारी यंत्रणा चालते, म्हणून नळीतले सुईएवढे छिद्र किंवा कुपीत बसलेला साबणाचा गोळा सेन्सरला फसवायला पुरतो. नळीला छिद्र असेल तर हवा निसटते, मशीनला पाणी कमी भासते आणि ते भरतच राहते. कुपीचे तोंड तुंबले तर उलटे होते: पाणी निघून गेल्यावरही दाब आत अडकून राहतो आणि मशीनला वाटते की पाणी अजून आहेच.

प्लग काढून मशीनच्या मागचे वरच्या झाकणाचे दोन स्क्रू सोडवावेत, झाकण मागे सरकवून उचलावे. एका बाजूच्या पत्र्यावर वरच्या भागात गोल, डबीसारखा सेन्सर दिसतो, त्याला ही नळी आणि एक वायरचे सॉकेट जोडलेले असते. चिमटा दाबून नळी सेन्सरपासून सोडवावी. यापुढे क्रम चुकवू नये.

आधी नळी सेन्सरपासून सुटी करायची आणि मगच तिच्यात फुंकायचे. सेन्सरच्या दिशेने जोरात फुंकले किंवा सायकलच्या पंपाने हवा मारली, तर त्याचा पडदा फाटतो. टाकी रिकामी असताना नळीत फुंकले तर हवा विनासायास गेली पाहिजे. अडथळा जाणवला तर कुपी तुंबलेली आहे. नळीतून कोमट पाणी सोडून, थोडे थांबून पुन्हा फुंकावे, असे हवा मोकळी जाईपर्यंत करावे. मग नळी दोन्ही टोकांनी काढून उजेडात वाकवून पाहावी. पत्र्याला घासून झिजलेली जागा, चीर किंवा आत साचलेला पाण्याचा थेंब दिसतो का ते पाहावे. थेंब बारीक असला तरी दाब बिघडवतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत नळी नुसती टांगून ठेवल्यास वाळत नाही, ती झटकून तिच्यातून कोरडी हवा फुंकावी. परत बसवताना नळीला मधे खाली लोंबणारा झोल राहू देऊ नये, कारण पाणी तिथेच साचते.

नळी सेन्सरला जोडताना टाकी रिकामी असलीच पाहिजे. आत पाणी असताना जोडली, तर त्या पातळीलाच सेन्सर शून्य समजतो आणि पुढचे भरणे चुकते.

सेन्सर स्वतः दोनपैकी एका प्रकारचा असतो. जुन्या यांत्रिक सेन्सरच्या तोंडात अगदी हलके, ओठांनी फुंकल्यावर आतून टक् असा आवाज येतो आणि सोडल्यावर पुन्हा येतो. आवाज आला नाही तर तो बदलावा. नव्या मशीनमधील सेन्सर आवाज करत नाही. त्यात गुंडाळीच्या आत फेराइटचा गाभा सरकतो आणि त्याच्या संदेशाची वारंवारता बदलते. घरी त्याची पूर्ण परीक्षा होत नाही, पण त्याचे सॉकेट काढून टर्मिनल स्वच्छ करणे आणि परत घट्ट बसवणे एवढे नक्की करावे. नळी आणि कुपी स्वच्छ असूनही सेन्सरचाच कोड येत राहिला, तर मगच सेन्सर मागवावा.

७. गुहागरजवळच्या एका घरातले उदाहरण

माझ्या मावशीचे घर गुहागरजवळ आहे आणि मशीन मागच्या पडवीत, विहिरीच्या पाण्यावर चालते. जूनच्या शेवटी मशीन खंगाळल्यानंतर पिळण्याआधी थांबू लागले, निचऱ्याचा कोड आणि बंद दार. फोनवर मेकॅनिकने ऐकताच पंप बदलण्याचा सल्ला दिला होता.

"अरे, पाणी तर आत दिसतच नाहीये, मग ते काढ काढ का म्हणतंय?" असे मावशी म्हणाली, आणि तिचा हा प्रश्नच नेमका होता. खालच्या नळीतून जेमतेम एक मग पाणी निघाले, म्हणजे मशीन रिकामे होते. उपसण्याच्या वेळी पंपाचा आवाज स्पष्ट येत होता, पण पाण्याचा खळखळाट नव्हता, कोरडी घरघर होती. तरी खात्रीसाठी फिल्टर काढला, पंखा टप्प्याटप्प्याने नीट फिरत होता. पंपाची गुंडाळी १७० ओहम दाखवत होती. पंपावर ठपका ठेवण्यासारखे काहीच उरले नाही.

वरचे झाकण उघडून सेन्सरची नळी सोडवताच बारीक फुस्स असा आवाज आला. टाकी रिकामी असताना नळीत दाब असायचे काही कारण नव्हते, म्हणजे तो अडकून राहिला होता. नळीत फुंकल्यावर हवा जाईना. कोमट पाणी सोडून, थांबून, पुन्हा फुंकल्यावर तपकिरी चिकट गोळा सुटून टाकीत पडला. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झालेले, त्यात हाताने धुण्याची फेसाळ पावडर मशीनमध्ये वापरलेली, या दोहोंचा तो थर होता. नळी वाळवून रिकाम्या टाकीवर जोडली, प्लग लावला, आणि काही वेळाने दार आपोआप सुटल्याचा आवाज आला. लॉकला हातही लावलेला नव्हता. पाणी आहे या समजुतीमुळेच बोर्डाने दार धरून ठेवले होते.

मावशीने त्यानंतर विहिरीच्या नळजोडणीवर गाळणी बसवून घेतली आणि पावडर बदलली. महिन्यातून एकदा ६० अंशांवर कपड्यांविना एक धुलाई चालवली, तर कुपीत असा थर सहसा धरत नाही.

८. दाराचा कोड

बहुतेक मशीनच्या लॉकमध्ये एक लहान गरम होणारी गोळी असते, तिला पीटीसी म्हणतात. धुलाई सुरू केल्यावर तिला वीज मिळते, ती तापते, शेजारची धातूची पट्टी वाकते, खुंटी सरकून दार धरते आणि त्याच वेळी आतला संपर्क जुळून बोर्डाला "दार बंद" असा संदेश जातो. याला काही सेकंद लागतात. धुलाई संपल्यावर गोळी निवायला एक-दोन मिनिटे लागतात, म्हणून दार लगेच उघडत नाही. ती मिनिटे न थांबता दार खेचल्यामुळे मुठीचा आकडा मोडतो, आणि मग लॉक चांगले असूनही दाराचा कोड येतो.

सुरुवातीलाच कोड येत असेल तर आधी रबराच्या कडेत कापड अडकले आहे का, दार बिजागरीवर खाली ओघळले आहे का आणि आकडा लॉकच्या भोकासमोर येतो का ते पाहावे. मधेच, विशेषतः पिळण्याचा वेग वाढताना कोड येत असेल, तर हादऱ्याने संपर्क सुटतो आहे. खाऱ्या हवेत गंजलेली टर्मिनल आणि सैल सॉकेट ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

लॉक काढण्यासाठी दार उघडून रबराची पुढची तारेची कडी सोडवावी, रबर आत लोटावे, लॉकचे दोन-तीन स्क्रू काढावेत आणि लॉक मागून बाहेर घ्यावे. सॉकेटचा फोटो घेऊनच ते सोडवावे. तीन टर्मिनलच्या पीटीसी लॉकमध्ये, ज्या दोन टर्मिनलना गोळी जोडलेली असते त्यांच्यात थंड असताना काही शे ते दीड हजार ओहमच्या आसपास आकडा दिसतो. तिथे काहीच दिसले नाही तर गोळी गेलेली आहे. आकडा दिसला तरी आतला संपर्क जळलेला असू शकतो, म्हणून लॉक हलवून सुटे खडखडते का आणि टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक काळे पडले आहे का, हे पाहावे. काळे पडले असेल तर लॉक आणि सॉकेट दोन्ही बदलावेत, एकटे लॉक बदलले तर तेही लवकरच जळते. काही मशीनमध्ये चार टर्मिनलचे झटक्याने उघडणारे लॉक असते, त्याला ही मोजमापे लागू होत नाहीत.

लॉकच्या टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा जोडून दार बंद असल्याचा खोटा संदेश देण्याचा उपाय काही जण सांगतात. तो कदापि करू नये. दार उघडे असताना हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या ड्रममध्ये लहान मुलाचा हात जाऊ शकतो.

कपडे आत अडकले असतील तर पाणी काढून टाकावे, प्लग काढून पाच मिनिटे थांबावे आणि मग दार ओढून पाहावे. काही मशीनमध्ये फिल्टरच्या झडपेमागे दार सोडण्याची प्लास्टिकची पट्टी असते, ती हलकेच खाली खेचावी. स्क्रू ड्रायव्हरने दार उचकटू नये.

९. मेकॅनिकला बोलवायचे तर

पंप आणि लॉक योग्य आकडे दाखवतात, नळी आणि कुपी मोकळी आहे, टर्मिनल स्वच्छ आहेत, आणि तरीही तोच कोड येतो, अशा वेळी वायरिंग किंवा बोर्ड उरतो आणि ते काम जाणकाराचेच आहे. फोन करताना "मशीन बंद पडले" असे न सांगता मॉडेलचा पूर्ण क्रमांक, कोड, मशीन कोणत्या टप्प्यावर थांबते, खालच्या नळीतून किती पाणी निघाले, पंपाचा आवाज येतो की नाही आणि मोजलेले ओहम, हे सांगावे. एवढे ऐकून तो योग्य भाग बरोबर घेऊन येऊ शकतो आणि दुसरी फेरी वाचते. भाग बदलल्यास जुना भाग मागून घ्यावा, नव्या भागाच्या टर्मिनलवर गंज नाही ना ते बसवण्यापूर्वी पाहावे, आणि तो जाण्याआधी कपड्यांसह एक पूर्ण धुलाई, पिळण्यापर्यंत, त्याच्यासमोर चालवून घ्यावी.